जुन्या कागदाचा सारांश : आकड्याआधी तारीख



अनेक घरांत आणि पेढ्यांवर जुन्या माहितीपत्रकांची फाइल असते. घरातील कोणी तरुण त्यातील एखाद्या कागदाचा चार ओळींत सारांश काढतो आणि तो कुटुंबात फिरतो. मूळ कागदावर छापल्याचे वर्ष असते, सारांशात मात्र ते येत नाही. आकडा तेवढा उरतो आणि वाचणारा तो आजचाच समजतो. बँकेतील ठेवींच्या विम्याचे उदाहरण घेऊन हे पाहू.

समजा, फाइलमध्ये २०१२ साली छापलेले माहितीपत्रक आहे. त्यात म्हटले आहे की सध्या प्रत्येक ठेवीदारास एका बँकेत, मुद्दल व व्याज मिळून, १ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. याचा घाईने केलेला सारांश असा होतो : “बँकेतील ठेवीला १ लाखापर्यंत विमा असतो.” २०१२ साली हे वाक्य खरे होते. पण ठेव विमा महामंडळाची ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली आहे. तो सारांश वाचून एखादे वयस्कर गृहस्थ साडेचार लाखांची एकच ठेव मुदतीपूर्वी मोडतील, व्याजात घट सोसतील आणि पाच बँकांत पाच पावत्या करतील. पुढे वारसांना त्या पाचही पावत्या शोधाव्या लागतील. हा सारा खटाटोप एका तारखेअभावी होईल.

सारांश करताना प्रथम कागदातील नियम आणि आकडा वेगळे करावेत. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील, एकाच नात्याने ठेवलेल्या ठेवी एकत्र मोजल्या जातात, हा नियम तेव्हाही होता व आजही आहे. स्वतःच्या नावाची ठेव आणि भागीदारी पेढीची ठेव वेगळी धरली जाते, हाही तसाच. मुद्दल व व्याज एकत्र धरण्याचा नियमही टिकून आहे. म्हणून आज ४ लाख ८० हजारांच्या ठेवीवर ४० हजार व्याज जमले असेल, तर ५ लाख २० हजारांपैकी ५ लाखच विम्यात येतात. बदलली ती मर्यादा. म्हणून तारीख सर्वप्रथम आकड्याला जोडावी.

दुसरी गोष्ट ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘चालू वर्षी’ या शब्दांची. २०१२ च्या कागदातील ‘सध्या’ म्हणजे २०१२. तो शब्द सारांशात जसाच्या तसा उतरला, तर वाचणाऱ्याच्या मनात तो आजचा होतो. त्याच्या जागी वर्ष लिहावे आणि क्रियापद भूतकाळी ठेवावे. योग्य सारांश असा होईल : “२०१२ च्या माहितीपत्रकानुसार त्या वेळी एका बँकेत एका ठेवीदारास, मुद्दल व व्याज धरून, १ लाखापर्यंत विमा होता. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे.” पहिले वाक्य कागदाचे, दुसरे आपण पडताळून जोडलेले. दोन्ही एकाच वाक्यात मिसळू नयेत. १ लाख खोडून तेथे ५ लाख लिहिणे तर अधिकच चुकीचे. तसे केल्यास २०१२ च्या कागदाच्या तोंडी त्याने न सांगितलेली गोष्ट घातली जाते.

जुन्या कागदात जे नाही, तेही तारखेवरूनच समजते. रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध घातल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. २०१२ च्या पत्रकात ती असणे शक्यच नाही. सारांशावर वर्ष असेल, तर वाचणारा पुढील बदल विचारील. वर्ष नसेल, तर अशी सोय नाहीच असे तो धरून चालेल.

कागदावर तारीखच नसेल तर? पुष्कळदा आकडाच काळ सांगतो. ३० हजारांची मर्यादा १ जुलै १९८० पासून होती आणि १ लाखाची १ मे १९९३ पासून. म्हणजे ३० हजार ही चालू मर्यादा म्हणून सांगणारा कागद या दोन तारखांमधील काळ दाखवतो. तेव्हा सारांशात लिहावे : “तारीख नाही, मजकुरावरून १९८० ते १९९३ मधील.” अंदाज असेल तर तो अंदाज आहे, असेही स्पष्ट लिहावे.

सारांशाच्या शेवटी आपण तो कोणत्या दिवशी केला, तीही तारीख घालावी. कारण ‘आजची मर्यादा’ म्हणून जोडलेला आकडाही कधीतरी जुना होणार आहे. हे कात्रण कोणी फाइलमध्ये जपून ठेवणार असेल, तर त्यांनी अंकाचा महिना व वर्ष वरच्या कोपऱ्यात लिहावे. येथील ५ लाखांचा आकडा पुढे वापरण्यापूर्वी बँकेत विचारून घ्यावा.