रकाना गाळण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

६ जून २०२५ ला केंद्राचं 'उम्मीद' पोर्टल सुरू झालं आणि वक्फ मिळकतींची नोंद करायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्या धावपळीत अंबड तालुक्यातल्या एका चाचांनी मला व्हॉट्सअॅपवर जुन्या यादीचे तीन फोटो पाठवले. सोबत एकच ओळ होती : "बेटा, इसका एक्सेल बना दे."

कागदावर आठ रकाने होते. कुठले हवेत, हे चाचांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. संस्थेचं नाव, गाव आणि क्षेत्र एवढंच घेतलं. जुना सर्व्हे नंबर आता कोण बघतो, असं वाटलं. चूक तिथेच झाली. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर सातबारा गट नंबरवर निघतो, पण जुन्या यादीत सर्व्हे नंबरच असतो. त्या नंबरावरूनच आजचा गट शोधावा लागतो. म्हणजे मी नेमका तोच धागा तोडला होता.

म्हणून माझं म्हणणं असं : पाठवणाऱ्यानं सांगितलं नसेल, तर एकही रकाना गाळू नये. कागदावर आहे त्याच क्रमानं सगळं उतरवावं. सुरुवातीला फोटो क्रमांकाचा एक रकाना आपण वाढवावा. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं भरू नये, तिथे "?" ठेवावं. "वरीलप्रमाणे"च्या खुणेजागी पूर्ण मजकूर लिहावा, नाहीतर यादीचा क्रम बदलला की ती खूण भलत्याच ओळीखाली जाते.

दुसऱ्यांदा यादी करताना आणखी दोन खड्डे दिसले. सर्व्हे नंबर 12/3 टाइप केला की एक्सेल त्याची 12-Mar अशी तारीख करतं. नंतर फॉरमॅट बदलला तरी मूळ आकडा परत येत नाही, पाच आकडी संख्या दिसते. म्हणून टाइप करण्याआधीच तो रकाना निवडून Text करावा.

दुसरा खड्डा क्षेत्राचा. ४ एकर ३० गुंठे आणि २ एकर २० गुंठे हे 4.30 आणि 2.20 असे लिहिले, तर बेरीज 6.5 येते. खरं उत्तर ७ एकर १० गुंठे, कारण ४० गुंठ्यांचा एक एकर. एकर F मध्ये आणि गुंठे G मध्ये वेगळे लिहावेत. मग पहिल्या सूत्रानं एकर आणि दुसऱ्यानं उरलेले गुंठे मिळतात :

```
=SUM(F2:F41)+INT(SUM(G2:G41)/40)
=MOD(SUM(G2:G41),40)
```

ही बेरीज आणि ओळींची संख्या कागदाशी जुळली, तरच फाइल पाठवावी.

आणि काम हातात घेतानाच एक प्रश्न विचारावा : "चाचा, हे कुठे दाखवायचंय?" कुठला रकाना महत्त्वाचा, हे त्या उत्तरातून कळतं. मग त्यांच्यासाठी छोटी यादी दुसऱ्या शीटवर काढून द्यावी. पहिली शीट मात्र कागदासारखीच पूर्ण राहू द्यावी.