प्रोजेस्टेरॉन कमी आलं म्हणून गर्भ पडतो का?

सेलूत आणि आजूबाजूच्या गावांत "गर्भ टिकायचं इंजेक्शन" हा शब्द आता घरोघरी माहीत झाला आहे. पाळी चुकली, पट्टीवर दोन रेषा आल्या, की घरची वडीलधारी बाईच विचारते, "डॉक्टर, टिकायचं काही दिलं का नाही?" मी फिजिशियन आहे, प्रसूतितज्ज्ञ नाही. पण ताप-खोकल्यासाठी येणाऱ्या गरोदर बायकांच्या पिशवीत मला ही औषधं वारंवार दिसतात. त्यातल्या पुष्कळ जणींना त्यांची गरज नसते, हे मी इथे स्पष्ट लिहितो.

आधी हे हार्मोन काय करतं ते बघू. अंडाशयातून बीज बाहेर पडलं की त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर मऊ आणि पोषक राहतं आणि गर्भाशयाचे स्नायू शांत राहतात. साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात वार हे काम स्वतःकडे घेते. सातव्या आठवड्याआधी पीतपिंड काढून टाकला तर गर्भपात होतो, हे 1970च्या दशकात सिद्ध झालं. गर्भपाताची मिफेप्रिस्टोन ही गोळीसुद्धा प्रोजेस्टेरॉनचं काम अडवूनच परिणाम करते. म्हणजे हे हार्मोन गर्भासाठी आवश्यक आहे, यात वाद नाही.

वाद पुढे आहे. "आवश्यक आहे, म्हणून जास्त दिलं की गर्भ टिकेल" हा हिशोब चुकीचा आहे.

पीतपिंड जिवंत कोण ठेवतं? गर्भच. रुजणारा गर्भ एचसीजी नावाचं हार्मोन सोडतो. लघवीच्या तपासणीत आपण तेच पाहतो. त्याच्या जोरावर पीतपिंड काम करत राहतो. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. असा गर्भ वाढत नाही, एचसीजी कमी पडतं, पीतपिंड थकतो आणि प्रोजेस्टेरॉन उतरतं. मग रिपोर्टमध्ये "कमी" येतं. लोक म्हणतात, हार्मोन कमी पडलं म्हणून गर्भ गेला. बहुतेक वेळा उलट असतं. गर्भ आधीच थांबलेला असतो, म्हणून हार्मोन कमी होतं. अशा वेळी इंजेक्शन देऊन गुणसूत्रं दुरुस्त होत नाहीत.

मग डॉक्टर ते देतातच का? कारण काही जणींना त्याचा खरोखर उपयोग होतो. ब्रिटनमध्ये 2019 साली 4,153 बायकांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रक्तस्राव झाला होता. निम्म्यांना प्रोजेस्टेरॉन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. जिवंत बाळ होण्याचं प्रमाण 75 आणि 72 टक्के आलं. हा फरक नगण्य आहे. पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते, त्यांच्यात ते 72 आणि 57 टक्के होतं. हा फरक मोठा आहे. 2015च्या दुसऱ्या अभ्यासात वारंवार गर्भपात झालेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या बायकांना सरसकट दिल्यावर फायदा दिसला नाही.

दोन उदाहरणं घ्या. पहिली चोवीस वर्षांची, पहिलटकरीण, सहावा आठवडा, रक्तस्राव नाही. तिला हे औषध लागत नाही. फॉलिक ॲसिड सुरू ठेवावं, वेळेवर सोनोग्राफी करावी. दुसरी एकोणतीस वर्षांची, आधी तीन गर्भपात, आता सातव्या आठवड्यात डाग दिसतायत, सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच आहे. तिला योनीमार्गे मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, आणि ठोके दिसले तर सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवतात. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात पीतपिंड नीट काम करत नाही किंवा तयारच होत नाही, म्हणून तिथेही ते लागतं.

अनावश्यक औषधाने नुकसान काय? झोप, पोट फुगणं, बद्धकोष्ठता, आणि खर्च. पण मोठा धोका खोट्या धीराचा आहे. "इंजेक्शन घेतलंय ना" म्हणून घरी थांबता, आणि गर्भ नळीत असेल तर नळी फुटते. रक्तस्रावासोबत एका बाजूला पोटात दुखलं, चक्कर आली किंवा खांद्यात कळ आली, तर गोळी शोधत बसू नका. परभणी गाठावं लागलं तरी लगेच निघा.

आणि पुढच्या वेळी चिठ्ठीवर हे औषध दिसलं, तर डॉक्टरांना सरळ विचारा: माझ्या बाबतीत हे कशासाठी, आणि कधी बंद करायचं? मात्र स्वतःच्या मनाने अर्ध्यात सोडू नका. आणि ज्या सुनेचा गर्भ गेला, तिला "गोळ्या नीट घेतल्या नाहीस" असं म्हणू नका. बहुतेक वेळा तिच्या हातात काहीच नसतं.