दार उघडा, उकडतंय!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. ताईने तेरा वर्षं भाड्याच्या घरांतून काढल्यावर स्वतःचा फ्लॅट घेतला. वास्तुशांत सोमवारी. आणि धाकट्या भावाने आहेर म्हणून काय कबूल केलं होतं? दारावरची पाटी. विकतची नव्हे, माझ्या थ्रीडी प्रिंटरवर केलेली, देवनागरीत, उठावाची. त्यामुळे शनिवारी रात्री दहा वाजता मी पुण्यातल्या माझ्या टॉप फ्लोअरच्या वन बीएचकेमध्ये पांढऱ्या पीएलएची नवी रीळ लावली, प्रिंटरचं काचेचं दार नीट बंद केलं आणि आडवा झालो.

दार बंद का? तर धूळ जाऊ नये, आवाज शेजारच्या काकूंपर्यंत पोचू नये आणि खरं सांगायचं तर बंद डब्याचा प्रिंटर घेतलाय म्हटल्यावर दार लावायलाच हवं ना, बॉस!

रात्री एकला जाग आली ती आवाजाने. टक... टक... टक. नखाने टेबलावर वाजवावं तसा. पाटीचा सपाट तळ झकास झाला होता. वर आडनावाची अक्षरं उगवायला लागली होती, पण शेवयांसारखी विरळ. दहा मिनिटांत नॉझलमधून प्लास्टिक यायचंच थांबलं आणि प्रिंटर हवेतच अक्षरं गिरवू लागला.

मला वाटलं, नॉझल चोंदलं. रविवारी सकाळी साफ केलं, तापमान 210 वरून 220 केलं आणि पुन्हा सुरू. पुन्हा दोन-अडीच तास सगळं मस्त. मग पुन्हा टक टक, आणि या वेळी जरा आधीच!

शेवटी ऑफिसातल्या मेकॅनिकलवाल्या मॅडमना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "दार उघडं होतं की बंद?" दुसरा, "फिलामेंट बाहेर काढल्यावर टोक कसं दिसतंय?"

बघितलं. खालचा दीड-दोन सेंटीमीटरचा भाग फुगून जाड झाला होता, बाहेर यायलाच तयार नव्हता. त्याच्या वर, जिथे एक्स्ट्रूडरचं दातेरी चाक फिलामेंटला धरून ढकलतं, तिथे उंदराने कुरतडल्यासारखी खाच आणि प्लास्टिकचा भुगा.

"नॉझलचा दोष नाही रे," मॅडम म्हणाल्या. "नॉझल चोंदलेलं असतं तर पहिल्या थरापासून रडलं असतं. दोन तास नीट चालून मग अडतंय म्हणजे उष्णता वर चढतीये. आणि तू तापमान वाढवून तिला मदत केलीस!"

मग त्यांनी चकलीच्या सोऱ्यावरून समजावलं. सोऱ्यात पीठ मऊ हवं, पण वरचा दट्ट्या कडक हवा. आपल्या प्रिंटरची गंमत अशी की पीठ आणि दट्ट्या एकच! वरचं फिलामेंट काठीसारखं ताठ राहून खालच्या वितळलेल्या भागाला पुढे ढकलतं. पीएलए साधारण 55 ते 60 अंशांना मऊ पडायला लागतं. वितळायच्या कितीतरी आधी. दट्ट्याच मऊ झाला तर तो ढकलण्याऐवजी नळीत फुगून बसतो. वरचं चाक त्याला चावत राहतं, मोटर अडखळते आणि आपल्याला ऐकू येतं ते टक टक.

आता खाली 210 अंश असताना वरचा भाग थंड राहतो कसा? मधे एक अरुंद धातूची नळी असते, उष्णता कमी वर जावी म्हणून. तिच्यावर पंखदार हीटसिंक आणि त्याला एक चिमुकला पंखा. पण हा पंखा काही एसी नव्हे. तो डब्यातलीच हवा हीटसिंकवर मारतो. हवा 30 अंशांची असेल तर पीएलए मऊ पडायला अजून बरंच अंतर असतं. हवा 46 ची असेल तर त्याच्याहून थंड काहीच होणार नाही. वर एक्स्ट्रूडरची मोटर स्वतः तापते, तिची ऊब दातेरी चाकाला मिळते, ती वेगळीच.

46 हा आकडा मी उगाच नाही घेतला. मित्राकडून फिश टँकचा वायरवाला थर्मामीटर आणून एक्स्ट्रूडरच्या उंचीवर लटकवला आणि दार लावून 60 अंशांचा बेड चालू ठेवला. खोलीत 33. अर्ध्या तासात डब्यात 38, तासाने 42, दोन तासांनी 46. माझा समज होता की नॉझल डबा तापवतं. छे! ते चणीने एवढंसं. खरी शेगडी म्हणजे बेड, तळहाताहून कितीतरी मोठा आणि तासन् तास गरम.

पण तळ नीट होऊन अक्षरांनाच का अडलं? तळात फिलामेंट सलग, वेगात जात होतं. गरम व्हायला उसंतच नव्हती. अक्षरं सुरू झाली की प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार म्हणजे वेगळं बेट. एका बेटावरून दुसऱ्यावर उडी मारताना प्रिंटर फिलामेंट किंचित मागे खेचतो, धागे लोंबू नयेत म्हणून. म्हणजे गरम टोक पुन्हा पुन्हा वरच्या थंड भागात. शिवाय थोडंथोडंच वापरलं जात असल्याने ते तिथेच रेंगाळतं. तोवर डबाही पुरता तापलेला.

रविवारी संध्याकाळी तिसरा प्रयत्न. टक टक सुरू झाल्यावर नुसतं दार उघडून भागत नाही, फुगलेला बोळा आत तसाच असतो. म्हणून नॉझल गरम करून फिलामेंट ओढून काढलं, फुगलेलं आणि कुरतडलेलं टोक कापलं, चाकातला भुगा ब्रशने काढला. तापमान परत 210. पहिल्या काही थरांनंतर बेड 60 वरून 50. मागे खेचण्याचं अंतर निम्मं. आणि दार सताड उघडं, वरचं झाकणही काढलेलं. (काही प्रिंटर दार उघडताच थांबतात. तसं असेल तर सेटिंग आधीच बघून ठेवा.)

एक घोळ मात्र केलाच. दार उघडलं आणि सीलिंग फॅन पाचवर! पहिल्याच थरांत पाटीचा एक कोपरा उचलला गेला. मॅडमनी पुन्हा झापलं. दार गरम हवा बाहेर जायला उघडायचं असतं, वारा आत घ्यायला नाही. फॅन बंद, घामाघूम मी, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी थर्मामीटर 36 च्या वर गेला नाही आणि रात्री दोनला शेवटचा अनुस्वार बसला.

तेव्हापासून पीएलएचं माझं गणित सोपं आहे. उन्हाळ्यात दार पहिल्यापासून उघडं. डिसेंबरच्या थंडीत, तासाभराचं काम असेल, तर बंद चालतं. मोठ्या कामात डब्यातली हवा 35 ला पोचली की दार उघडतो, 40 ची वाट बघत नाही. एबीएस लावलं की उलटा कारभार. त्याला ऊबच लागते, मधेच दार उघडलं तर थरांमध्ये तडा जातो. तिथे काम संपून डबा निवेपर्यंत हात लावायचा नाही.

सोमवारी पाटी वेळेवर पोचली. ताईने चारचौघांत कौतुक केलं, भावोजी ड्रिल मशीन घेऊन थेट बाहेरच्या दाराकडे निघाले. मी विचारलं, "ताई, या दारावर दुपारी ऊन येतं का गं?"

"तीन ते सहा. चांगलंच. का रे?"

पाटी आता आत, पॅसेजमध्ये आहे. बाहेरची एबीएसमध्ये करून देतोय, दार लावून.