खलपुरुषांची प्रतवारी

नाटककादंबऱ्यांतील दुष्टांपैकीं सर्वांत मोठा कोण, असा वाद निघाला म्हणजे बहुतेक जण सैन्य, सिंहासन आणि बळींची संख्या मोजूं लागतात. आमच्या मतें हें मापच खोटें आहे. शेक्सपियरच्या दोन नाटकांवरून तें तपासून पाहूं.

'हॅम्लेट'मधील क्लॉडियसपाशीं काय नाहीं? राज्य आहे, हेर आहेत, विष आहे. प्रार्थनेला बसून पापाचें फळ मात्र सोडूं न शकणारा हा राजा कांहीं हलक्या हातानें रेखाटलेला नाहीं. तथापि त्याचा मुकुट काढून घ्या. हेरहि जातात आणि हॅम्लेटला इंग्लंडास धाडणारा हुकूमहि जातो. 'ऑथेल्लो'मधील इयागोपासून काढून घेण्यासारखें कांहीं नाहींच. तो एक निशाणदार, बढती कॅसियोला मिळाली म्हणून जळणारा. त्याचें शस्त्र एक हातरुमाल, आणि तोहि डेस्डिमोनापाशीं असलेला, तिच्याकडून खालीं पडलेला व इयागोच्या बायकोनें उचलून त्यास दिलेला! बळ वजा जातां काय उरतें, ही आमची पहिली कसोटी.

दुसरी कसोटी आम्ही हिच्याहून वरची मानतों. खलाचें जाळें कशाचें विणलेलें आहे? तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशांत कॅसियो डेस्डिमोनाची भेट घेऊन लगबगीनें निघून जातो. हें आपणांस आवडलें नाहीं, एवढेंच इयागो पुटपुटतो, आणि विचारल्यावर "कांहीं नाहीं" म्हणून मागें सरतो. तो अडखळतो, टाळतो, उलट मत्सरापासून जपा असा उपदेशहि करतो. संशय ऑथेल्लो स्वतःच त्याच्या तोंडून ओढून काढतो. पुढें डेस्डिमोना कॅसियोसाठीं जों जों रदबदली करते, तों तों तिचा दयाळूपणाच तिच्याविरुद्ध पुरावा होत जातो. ऑथेल्लोचा विश्वास, कॅसियोचें सौजन्य, डेस्डिमोनाची कणव, हेच त्या जाळ्याचे धागे. निव्वळ बलाढ्य खल सद्गुणांना चिरडतो. हा त्यांनाच कामाला लावतो.

शिवाय तो आपले बेत स्वगतांतून आम्हांस आधींच सांगतो. रंगभूमीवरील सर्वजण त्याला प्रामाणिक म्हणत असतां खरें ठाऊक असलेले आम्ही प्रेक्षक मुकाट बसून राहतों, आणि ती बोच घरीं येईपर्यंत जात नाहीं. त्यानें दिलेलीं कारणें त्याच्या द्वेषाला पुरेशीं वाटत नाहींत. शेवटीं विचारलें असतां तो यापुढें बोलणारच नाहीं म्हणतो. हें मौन भेदक वाटतें तें सबंध नाटकांत सर्वांत अधिक तोच बोललेला असल्यामुळें. ज्या खलाला लेखकानें मुळांतच हेतु दिलेला नसतो, त्याचें मौन म्हणजे नुसती रिकामी जागा होय.

एक कसोटी राहिली: वेष बदलून तो टिकतो काय? गोविंद बल्लाळ देवलांनीं 1890 सालीं 'ऑथेल्लो'चें 'झुंझारराव' केलें. नांवें, पेहराव, मुलूख सर्व पालटलें. रुमालामागील कपट मराठी प्रेक्षकांस निराळें समजावून सांगावें लागलें नाहीं.