प्रवचनाची खतावणी

चातुर्मासात गावोगावच्या स्थानकांत आणि मंदिरांत प्रवचने होतात. हल्ली ती मोबाईलवर ध्वनिमुद्रित होतात आणि कोणी उत्साही श्रावक किंवा श्राविका ती कागदावर उतरवूनही ठेवते. पुढे संघाच्या अंकासाठी, किंवा दुकानामुळे येऊ न शकलेल्यांसाठी, त्या उताऱ्याचा सारांश करण्याचे काम कोणाकडे तरी येते. ते सोपे समजले जाते. प्रत्यक्षात पंचेचाळीस मिनिटांच्या प्रवचनाचा शब्दशः उतारा पाच हजार शब्दांच्या आसपास भरतो, आणि अंकात जागा असते पाचसहाशे शब्दांची. नऊ भाग गाळून एक भाग ठेवायचा असतो. काय ठेवले, यावर न आलेल्या माणसाला कोणता धर्म पोहोचणार हे ठरते.

व्यापारी घरांना ही गोष्ट वहीच्या भाषेत लगेच उमगेल. उतारा म्हणजे रोजमेळ. ज्या क्रमाने बोलले गेले, त्याच क्रमाने त्यात सारे येते: उपदेश, कथा, मध्येच आयंबिलाची सूचना, पुन्हा उपदेश. सारांश म्हणजे त्या रोजमेळाची खातेवही. प्रत्येक शिकवणुकीचे एक खाते, आणि ती समजावण्यासाठी वक्त्याने सांगितलेली कथा त्याच खात्यात. बहुतेक सारांश बिघडतात ते इथेच. लिहिणारा रोजमेळच थोडक्यात उतरवतो, किंवा आधी साऱ्या शिकवणुकी आणि शेवटी साऱ्या कथा अशा दोन वेगळ्या याद्या करतो. कोणती कथा कशासाठी होती हे मग वाचकाला कळत नाही.

नमुन्यादाखल असे एक प्रवचन डोळ्यांपुढे ठेवू. विषय पाचवे अणुव्रत, म्हणजे परिग्रह-परिमाण. भाषा हिंदी, सारांश मराठीत हवा. वक्त्या साध्वीजींनी तीन कथा सांगितल्या: मम्मण शेठ, आनंद श्रावक आणि पुणिया श्रावक. शेवटी श्रोत्यांना एक नियम दिला.

पहिले वाचन पेन हातात न घेता करावे. त्यात फक्त उताऱ्यातील चुका ध्यानात घ्याव्यात, कारण ऐकून लिहिणाऱ्याला परिभाषा माहीत असेलच असे नाही. ‘सामायिक’चे ‘सामाजिक’ होते, ‘निर्जरा’चे ‘निर्झर’ होते, आणि पुणिया श्रावक तर ‘पुण्याचा श्रावक’ होऊन थेट महाराष्ट्रात येऊन राहतो. वाक्य अर्थहीन वाटले की ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे, अंदाजाने दुरुस्ती करू नये. विशेष जपायचा तो या विषयाचा मुख्य शब्द, ‘मूर्च्छा’. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्याच मूर्च्छा अशी केली आहे. मराठी वाचकाला मात्र मूर्च्छा म्हटले की घेरी येऊन पडलेला माणूस आठवतो. अशा वेळी मूळ शब्द ठेवून शेजारी ‘ममत्व, वस्तूत गुंतलेले मन’ असे एकदा लिहावे. शब्द बदलून नुसते ‘लोभ’ लिहिले, तर प्रवचनाचा पायाच सरकतो.

दुसऱ्या वाचनात समासात खुणा कराव्यात. कथा कुठे सुरू झाली, कुठे संपली, आणि ती संपल्यावर वक्ता पहिले वाक्य काय बोलला, हे नोंदवावे. हे तिसरे सर्वांत महत्त्वाचे. कथेचे प्रयोजन वक्ता बहुधा कथा संपल्याबरोबरच सांगतो, आणि उतावीळ वाचक नेमके तेच वाक्य ओलांडून पुढे जातो.

मम्मण शेठची कथा घ्या. राजगृहीत पावसाळी रात्री श्रेणिक राजा आणि राणी चेलणा महालातून पाहतात, तर एक माणूस पुराच्या पाण्यातून लाकडे ओढून काढतो आहे. राजा त्याला बोलावून विचारतो. तो म्हणतो, बैलाला जोड मिळवायची आहे. राजा आपल्या गोठ्यातला बैल देऊ करतो, पण तो त्याला चालत नाही. घरी जाऊन पाहतात, तर त्याचा बैल सोन्याचा आणि रत्नजडित. कथा ओळखीची असल्याने सारांश करणारा लगेच लिहितो: ‘मम्मण शेठ कंजूष होता, कंजूषपणा करू नये.’ साध्वीजींचे पुढचे वाक्य मात्र असे होते की, राजाच्या भांडारापेक्षा मोठे धन ज्याच्या घरी आहे तो पुरात भिजतो आहे, मग मालक कोण, माणूस की बैल? इथे मुद्दा मूर्च्छेचा आहे. खर्च न करणे हे या शिकवणुकीचे खाते नव्हे, वस्तूच्या ताब्यात जाणे हे आहे. एका वाक्याने खाते बदलते.

आनंद श्रावकाच्या कथेत वेगळी चूक होते. ही कथा उपासकदशांग सूत्राच्या पहिल्या अध्ययनातील. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ भगवान महावीरांचा श्रावक झाला, तेव्हा त्याच्याकडे चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात अशा बारा कोटी होत्या. शिवाय दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळे. जागा वाचवण्यासाठी लिहिणारा आकडे गाळतो आणि लिहितो, ‘आनंद श्रावकाने अपार संपत्तीचा त्याग केला.’ हे चूक आहे. आनंदाने जे होते त्याचीच मर्यादा बांधली आणि त्यापुढचे सोडले. साध्वीजींना सांगायचे होते तेही हेच: गृहस्थाचे व्रत आहे त्यावर रेघ ओढण्यापासून सुरू होते, सारे टाकून देण्यापासून नव्हे. आकडे गेले की रेघ दिसत नाही, आणि सांसारिक माणसाला हे व्रत आपल्या आवाक्याबाहेरचे वाटू लागते. कथेतला तपशील ठेवावा की गाळावा, याची कसोटी साधी आहे. तो काढल्यावर शिकवणूक तशीच उरते का? पुराच्या पाण्याचे वर्णन गाळून चालते, आनंदाचे बारा कोटी गाळून चालत नाहीत.

पुणिया श्रावकाच्या बाबतीत धोका आपल्या स्मरणाचा असतो. कापसाचे पेळू विकून जगणाऱ्या या श्रावकाची सर्वांत प्रसिद्ध कथा म्हणजे श्रेणिक राजा त्याच्या एका सामायिकाचे फळ विकत घेऊ पाहतो ती. उताऱ्यात पुणियाचे नाव दिसले की हात आपोआप तीच कथा लिहू लागतो. या प्रवचनात ती नव्हतीच. साध्वीजींनी दुसरी सांगितली: एके दिवशी सामायिकात पुणियाचे चित्त लागेना. त्याने पत्नीला विचारले, आज घरात आपले नसलेले काही आले का? तेव्हा वाटेवर पडलेली गोवरी तिने चुलीसाठी उचलल्याचे निघाले. पहिल्या कथेचे तात्पर्य धर्म विकत मिळत नाही हे, दुसरीचे तात्पर्य आपले नसलेले थोडेसेही मनाला जाणवते हे. वक्त्याने दुसरी कथा सांगितली आणि सारांशात पहिली छापली गेली, तर ते प्रवचन त्या वक्त्याचे राहत नाही. या कथेचा तपशीलही सांगणाऱ्यागणिक थोडाथोडा बदलतो. ज्या रूपात व्यासपीठावरून सांगितली गेली तेच रूप लिहावे, आपल्याला ठाऊक असलेले नव्हे.

हीच शिस्त संप्रदायभेदाबाबत पाळावी. श्वेतांबर परंपरेत बाह्य परिग्रहाचे नऊ प्रकार मोजतात, दिगंबर परंपरेत दहा. उताऱ्यात नऊ असतील तर दिगंबर घरातल्या लेखकाने ते ‘सुधारून’ दहा करू नयेत, आणि उलटही करू नये. ‘आश्रव’ आणि ‘आस्रव’ या लेखनाचेही तेच. वक्त्याच्या परंपरेचे रूप ठेवावे.

आता खातेवही मांडायची. कागदाच्या मध्ये रेघ ओढून डावीकडे शिकवणूक, उजवीकडे कथा, आणि प्रत्येक नोंदीसमोर उताऱ्याचे पान. एकच गोष्ट वक्ता तीनदा सांगतो, कारण ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही. सारांशात ती एकदाच येईल, पण तीनदा सांगितली म्हणजे ती मुख्य आहे, हे ओळखून तिला वरचे स्थान द्यावे. बोली, देणगीदारांची नावे, पाठशाळेच्या सूचना यांना खाते नाही. गावातल्या कोणा व्यापाऱ्याचा किस्सा वक्त्याने ओघात सांगितला असेल, तर तो ओळखू येणार नाही असा लिहावा. व्यासपीठावरचे बोलणे विरून जाते, छापलेले घराघरांत वर्षानुवर्षे राहते. एखादी कथा कोणत्याच शिकवणुकीला लागत नसेल तर ती अनामत खात्यात ठेवावी आणि उतारा पुन्हा वाचावा. पुष्कळदा तिची शिकवणूक कथेच्या आधी येऊन गेलेली असते. डावीकडच्या एखाद्या ओळीसमोर मात्र पानाचा क्रमांकच लिहिता येत नसेल, तर ती लिहिणाऱ्याच्या मनातली आहे. ती कितीही सुंदर असो, खोडावी.

सर्वांत अधिक काळजी शेवटच्या नियमाची. त्या दिवशी दिलेला नियम असा होता: पुढील संवत्सरीपर्यंत नवी जमीन किंवा नवे घर घ्यायचे नाही, वाटणीत येणारी मिळकत आणि चालू धंद्याला लागणारे गोदाम यांचा आगार, म्हणजे मोकळीक. घाईने केलेल्या सारांशात हे असे उतरते: ‘नवी स्थावर मिळकत न घेण्याचा नियम श्रोत्यांनी घेतला.’ काळ गेला आणि आगारही गेले. घरी बसून हे वाचणारे एखादे वृद्ध शेटजी श्रद्धेने देवासमोर हात जोडून तेवढ्याच शब्दांत पच्चक्खाण घेतात. सहा महिन्यांनी भावाभावांत वाटणी होते आणि वडिलोपार्जित घराचा हिस्सा त्यांच्या नावावर येऊ घातला की, व्रत मोडावे की हिस्सा नाकारावा, असा पेच उभा राहतो. वक्त्याने तो टाळण्यासाठीच आगार ठेवले होते. म्हणून नियम कधीही आपल्या शब्दांत संक्षेपाने लिहू नये. वस्तू कोणती, किती काळासाठी आणि मोकळीक कशाची, हे उताऱ्यात असेल तसेच उतरवावे. जागा कमी पडली तर कथा आखडावी, नियम नव्हे.

तीच सावधगिरी ‘गृहस्थाने’, ‘शक्य असेल तर’, ‘साधूंसाठी’ अशा शब्दांबाबत हवी. ‘साधूने धनाला स्पर्शही करू नये’ यातला ‘साधूने’ गळाला की सारी पेढीच पापाची ठरते.

अंकात देण्यापूर्वी सारांश दोघांना वाचायला द्यावा. एक जो प्रवचनाला होता, आणि एक जो नव्हता. पहिल्याला विचारावे, यात न बोललेले काही आले आहे का? दुसऱ्याकडून प्रत्येक कथा तोंडी परत सांगवून घ्यावी आणि ती कशासाठी सांगितली तेही विचारावे. मम्मण शेठच्या कथेवर तो ‘कंजूषपणा वाईट’ एवढेच म्हणाला, तर ते खाते उघडून उताऱ्यातल्या त्या पानावर परत जावे लागेल.