एक सायझिंग जळाले तर किती माग थांबतील? #थ्रेड

१/१२
इचलकरंजीचा इतिहास सांगताना १९०४ हे साल हमखास येते. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयाखाली विठ्ठलराव दातार यांनी गावात पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे घरोघरी माग आले आणि गाव महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणवू लागले. या इतिहासात मागांची मोजदाद होते. मागापर्यंत पोहोचणाऱ्या बीमची मात्र सहसा होत नाही. गावाचा खरा कमकुवत दुवा तिथेच आहे.

२/१२
कापडाचा ताणा थेट मागावर चढत नाही. सुताचे कोन आधी वार्पिंगला जातात. मग सायझिंगमध्ये धाग्यांना खळ लावतात, वाफेच्या सिलिंडरवर वाळवतात आणि ताणा बीमवर गुंडाळतात. ही खळ नसेल तर मागाच्या घर्षणात धागे तटातट तुटतात. माग हजारो आहेत आणि त्यांच्या मानाने सायझिंग थोडी. एक माग जळाला तर एकाचे नुकसान होते. एक सायझिंग जळाले तर त्यावर विसंबलेले सगळे माग एकामागून एक थांबतात.

३/१२
अशा प्रसंगाची आधीच कागदावर परीक्षा घेण्याची एक रीत आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे डेव्हिड सिम्ची-लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती फोर्ड मोटर कंपनीसाठी वापरली. आग लागण्याची शक्यता किती, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला, कारण दुर्मीळ घटनेची शक्यता कुणालाच नीट सांगता येत नाही. त्याऐवजी दोन काळ मोजले. पुरवठादार बंद पडल्यापासून पुरवठा पूर्ववत होईपर्यंतचा तो ‘सावरण्याचा काळ’. आणि पुरवठ्याशिवाय आपले काम अखंड चालेल तो ‘तग धरण्याचा काळ’.

४/१२
सावरण्याचा काळ तग धरण्याच्या काळापेक्षा मोठा असेल, तर धोका आहे. आग, पूर, संप, कारण कोणतेही असो. फोर्डच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. पुरवठादारावर होणारा खर्च आणि तो बंद पडल्यास होणारे नुकसान यांचा परस्परांशी मेळ नव्हता. स्वस्त भाग पुरवणाराच कधी सर्वांत धोक्याचा निघत होता. कापडाच्या किमतीत सुताचा वाटा मोठा आणि सायझिंगच्या मजुरीचा लहान असतो. म्हणून यंत्रमागधारकाचे सारे लक्ष सूत बाजाराच्या भावाकडे राहते.

५/१२
आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचे २४ माग आहेत. एक बीम एका मागावर २० दिवस चालतो. सगळे बीम एकाच दिवशी चढवलेले नसल्याने रोज सरासरी १.२ बीम संपतात. कारखान्यात ६ भरलेले बीम शिल्लक आहेत. ६ ला १.२ ने भागले की ५ येतात. म्हणजे तग धरण्याचा काळ ५ दिवस. ‘बीम तर २० दिवस चालतो’ या समाधानात हीच गोष्ट निसटते, कारण पहिला माग सहाव्या दिवशीच थांबणार असतो.

६/१२
सावरण्याचा काळ विचारला की सायझिंगचा मालक बहुधा यंत्र परत सुरू होण्याचा दिवस सांगतो. हा आकडा जवळजवळ नेहमीच आशावादी असतो. तो टप्प्याटप्प्याने फोडून विचारावा. नुसते सुताचे गोदाम जळाले तर काम काही दिवसांत पूर्वपदावर येईल. सिलिंडर किंवा बॉयलर गेला तर यंत्रसामग्रीची प्रतीक्षा, जोडणी आणि बाष्पके संचालनालयाची तपासणी धरून हिशेब महिन्यांत जातो. त्यानंतरही खळीचे प्रमाण बसायला वेळ लागतो. मागावर ताण्याची तूट पूर्वीइतकी खाली येईल, तो दिवस खरा सावरल्याचा दिवस धरावा.

७/१२
अर्थात यंत्रमागधारक तोवर थांबणार नाही. तो दुसऱ्या सायझिंगकडे जाईल. व्यवहार ठरवणे, सूत पोचवणे, एक नमुना बीम चालवून पाहणे, यात ८ दिवस गेले असे धरू. शिल्लक बीम ५ दिवस पुरले. मधल्या ३ दिवसांत साधारण ४ माग थांबले. याच दरीवर उपाय करायचा आहे आणि तो दोन प्रकारे करता येतो. आणखी ४ बीम भरून ठेवावेत किंवा शांततेच्या काळातच दुसऱ्या सायझिंगवर नमुना बीम चालवून ठेवावा. पहिल्या उपायात सुतात पैसा अडकतो, दुसऱ्यात थोडी मजुरी आणि बरीच मनधरणी खर्च होते.

८/१२
पण हिशेब इथे थांबवणे ही फसगत ठरेल. जळालेले सायझिंग ३०० मागांना पुरवत असेल, तर त्याला रोज १५ बीम द्यावे लागत होते. शेजारच्या तीन सायझिंगना प्रत्येकी ३ बीम जादा काढता आले तरी होतात ९. गरजेच्या ६० टक्के. वाटणी सारखी झाली तर आपल्या यंत्रमागधारकाचे २४ पैकी सुमारे १० माग काही आठवड्यांत बसून राहतील. प्रत्येकाने एकेकट्याने ‘दुसरे सायझिंग आहे की’ असे म्हटले, तर सगळे मिळून एकाच मोकळ्या क्षमतेवर डोळा ठेवून असतात.

९/१२
जपानमध्ये या प्रश्नाला एक उत्तर मिळाले होते. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन सेकी कंपनीच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधील एक लहानसा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनत असे आणि साठा अत्यल्प होता. टोयोटाचे उत्पादन थांबले. पण आयसिनने आराखडे वाटले आणि अनेक लहानमोठ्या कंपन्यांनी व्हॉल्व्ह बनवायला घेतले. त्यांत ब्रदर ही शिलाई यंत्रांची कंपनीही होती. साधारण आठवडाभरात गाड्यांचे उत्पादन सावरले. जळालेला कारखाना तेवढ्यात उभा राहिला नव्हता. भोवतालच्यांची क्षमता एकत्र आली होती.

१०/१२
ही कथा इचलकरंजीला जशीच्या तशी लागू करण्यात मात्र एक धोका आहे. आयसिनचा एकच कारखाना जळाला, शेजारी शाबूत होते. इचलकरंजीत २०१५ साली सायझिंग कामगारांनी सुधारित किमान वेतनासाठी दीर्घ संप केला. सूत होते, माग होते, मागवाला होता, बीम नव्हता. अशा वेळी ‘शेजारचे सायझिंग’ हा पर्याय कागदावरच राहतो. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेला आलेल्या महापुरांचा धडाही हाच आहे. एकाच कारणाने बंद पडणारे दोन पुरवठादार आपत्तीच्या हिशेबात एकच समजावेत.

११/१२
म्हणून परीक्षेत दोन प्रसंग वेगवेगळे मांडायला हवेत. पहिल्यात एक सायझिंग बंद, दुसऱ्यात गावातील सगळी सायझिंग बंद. पहिल्याचे उत्तर शिल्लक बीम आणि आधी पारखलेला शेजारी. दुसऱ्याचे उत्तर गावाबाहेर शोधावे लागेल, किंवा वादाचे मूळ कारण वेळीच मिटवावे लागेल. वेतनाचा प्रश्न हा पुरवठ्याच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, हे २०१५ ने पुरेसे स्पष्ट केले आहे. तो केवळ मालक आणि कामगार यांचा खाजगी मामला मानणे मागवाल्याला परवडणारे नाही.

१२/१२
यंत्रमागधारकांच्या आणि सायझिंगच्या संघटनांनी मिळून एक तक्ता करावा. प्रत्येक सायझिंगमागे किती माग, रोज किती बीम, जादा क्षमता किती, सावरायला किती दिवस. तो दरवर्षी तपासावा. व्यवसायाची गुपिते उघडी पडतील ही भीती अनाठायी नाही; म्हणून आकडे संघटनेकडे राहावेत आणि सभासदांना केवळ बेरीज कळावी. एवढेही जमणार नसेल, तर प्रत्येक कारखानदाराने निदान आपल्या शिल्लक बीमला रोजच्या गरजेने भागून पाहावे. येणारे उत्तर दिवसांत असेल, आणि बहुतेकांना वाटते त्याहून बरेच लहान.