एक्क्याण्णव टक्क्यांचा नकाशा

शेताचा नकाशा छापून देण्याचे पैसे घेणारा माणूस त्या नकाशावर एकदाही पट्टी ठेवून पाहत नसेल, तर तो शेतकऱ्याला फसवतो आहे. हेतू नसेल, पण परिणाम तोच. गोंदिया जिल्ह्यात आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत तहसील कचेऱ्यांच्या आसपास ऑनलाईन सेंटर आणि झेरॉक्सची दुकाने आहेत. तिथून निघणाऱ्या कागदांची छपाई कोणी तपासत नाही, आणि विचारले तर एकच उत्तर मिळते : "प्रिंट अशीच निघते." हे उत्तर खोटे आहे. प्रिंट अशी निघत नाही, ती अशी काढली जाते.

मी पाहिलेले एक प्रकरण सांगतो. दोन शेजारी, मध्ये एक धुरा. एकाने शेजाऱ्याच्या गटाचा नकाशा सेंटरवरून छापून आणला. नकाशावर प्रमाण १:१००० होते, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर दहा मीटर. त्याने शाळेतल्या पोराची पट्टी घेतली आणि शेजाऱ्याची बांधी मोजली. लांबी भरली साडेपाच सेंटिमीटरला जेमतेम कमी. मग शेतात टेप लावला, तर बांधी साठ मीटर. हिशेब सरळ होता : नकाशात पंचावन्न, जमिनीवर साठ, म्हणजे पाच मीटर माझे खाल्ले. पिढ्यानपिढ्या एका पाण्यावर धान रोवणाऱ्या दोन घरांत बोलचाल बंद झाली.

धुरा कुणीही सरकवला नव्हता. आखडला होता तो कागद.

नकाशाची फाईल ए-४ आकाराची होती, २१० बाय २९७ मिलिमीटर. ट्रेमध्ये कागदही ए-४ होता. पण संगणकात प्रिंटरचा कागद Letter असा नोंदलेला होता. लेटर हा अमेरिकेचा कागद, २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर : ए-४ पेक्षा थोडा रुंद आणि पावणेदोन सेंटिमीटरहून जरा जास्तच आखूड. आपल्याकडे तो कुणी वापरत नाही, पण अनेक प्रिंटरांच्या सेटिंगमध्ये तो आधीपासून बसलेला असतो आणि बसवणारा तंत्रज्ञ तो बदलत नाही. त्यात लेझर प्रिंटर कागदाच्या कडेला चारेक मिलिमीटर जागेत छापू शकत नाही. २७९.४ मधून वरची-खालची मिळून साडेआठ मिलिमीटर वजा केली की उरतात २७१. छापताना Fit निवडलेले असेल, तर अॅडोबी रीडर २९७ मिलिमीटरचे पान या २७१ मध्ये बसवतो. भागाकार करा, ९१ टक्के येतात. सहा सेंटिमीटरची रेघ ५.४६ सेंटिमीटरची होते, आणि पाच मीटरचे भांडण तयार होते.

सगळ्यात संताप आणणारी गोष्ट पुढे आहे. छापायचा आदेश देण्याआधी त्याच खिडकीत पानाच्या छोट्या चित्राजवळ हा आकडा लिहून येतो : Scale: 91%. चित्राच्या बाजूला कागदाचा आकार 8.5 x 11 Inches असाही दिसतो. दोन्ही खुणा डोळ्यांसमोर असतात. रोज शेकडो कागद काढणाऱ्याने त्या वाचू नयेत, याला घाई हे कारण मी मानत नाही. गिऱ्हाईक शेतकरी आहे, त्याला कळणार नाही, हा त्यामागचा हिशेब आहे.

कागद आखडला की धुरा सरकला, हे ओळखता येते. अतिक्रमण एका बाजूने होते, प्रिंटरची आखडण सगळीकडे सारखी असते. त्या बांधीची रुंदी जमिनीवर चाळीस मीटर होती. नकाशात ती चार सेंटिमीटर भरायला हवी होती, भरली ३.६. लांबी आणि रुंदी दोन्ही त्याच प्रमाणात घटल्या. त्याच पानावर दिसणाऱ्या पलीकडच्या गटांच्या बाजूही तशाच घटलेल्या. सगळ्या शिवारात सगळ्यांनी एकाच रात्री जमीन चोरली, असे कुणी म्हणेल का? त्याहून सोपा पुरावा सातबाऱ्यावर आहे. साठ गुणिले चाळीस म्हणजे २,४०० चौरस मीटर, चोवीस आर. कागदावरच्या मापाने गुणाकार केला तर वीस आरही भरत नाहीत. सातबाऱ्यावर क्षेत्र चोवीस आरच होते. सातबारा काढणाऱ्याने आणि नकाशा छापणाऱ्याने हे दोन कागद शेजारी ठेवायला हवे होते. दोन्ही एकाच टेबलावरून निघाले होते.

कागद बरोबर असला तरी Fit नकाशाला चालत नाही. ए-४ वर ए-४ छापताना कडेची जागा सोडण्यासाठी ते पान साधारण ९६ टक्क्यांवर आणते. नकाशासाठी Actual size हाच पर्याय आहे, आणि कागद A4. प्रिंटरच्या गुणधर्मांत Advanced मध्ये Printing Defaults आहे, तिथे एकदा A4 नोंदवले की त्या संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकाला तेच मिळते. Preferences मध्ये केलेला बदल त्या वापरकर्त्यापुरताच राहतो, म्हणून माणूस बदलला की Letter परत येते. आणि झेरॉक्सच्या यंत्रावर ए-३ चा नकाशा ए-४ वर उतरवला तर तो ७१ टक्के होतो. त्या प्रतीवर छापलेले १:१००० हे प्रमाण तेव्हापासून निरर्थक असते, पण ते खोडण्याची तसदी कोण घेतो?

उलट चूकही होते. सरकारी कामात लीगल कागद अजून हटलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-४ स्वीकारला, तालुक्यातल्या नमुन्यांपर्यंत तो निर्णय पोहोचलेला दिसत नाही. लीगल पानाची उंची ३५५.६ मिलिमीटर. तेच पान Actual size ठेवून ए-४ वर छापले की जवळपास सहा सेंटिमीटर मजकूर जातो, आणि शेवटी सही, शिक्का, क्यूआर असेल तर नेमके तेच जाते. क्यूआरच्या भोवतीचा पांढरा पट्टा कापला तरी मोबाईलला तो वाचता येईलच असे नाही. इथे मात्र Fit योग्य आहे : पान ८१ टक्क्यांच्या आसपास आखडते आणि पूर्ण दिसते. त्याचीही किंमत आहेच. बारीक झालेल्या कागदाची झेरॉक्स, तिची परत झेरॉक्स काढली की १ आणि ९ यांच्यातला फरक पुसट होतो. धान विक्रीच्या नोंदणीला दिलेल्या सातबाऱ्यात गट नंबरचा एक आकडा असा बदलला, तर शेतकऱ्याने कुणाच्या दारात जायचे?

भूमी अभिलेख खात्याकडून माझी मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक नकाशावर आकड्यातल्या प्रमाणाबरोबर मोजपट्टीची रेघ छापा : शून्यापासून पन्नास मीटरपर्यंतची आडवी रेघ. पान आखडले तर रेघही तेवढीच आखडते, म्हणून तिच्याशी ताडून घेतलेले माप कुठल्याही प्रतीवर बरोबर येते. १:१००० या आकड्याला ही सोय नाही. आणि सेंटर चालवण्याची परवानगी देणाऱ्यांनी तपासणीला जाताना फलक, दरपत्रक पाहतातच, तर प्रिंटरमधला कागदाचा आकारही पाहावा. त्याला दोन मिनिटे लागत नाहीत.

शेतकऱ्यांना सांगणे एवढेच : छापील नकाशा नीट निघाला तरी तो हद्दीचा पुरावा नाही. हद्द ठरते ती तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून, फी भरून, शेतात झालेल्या मोजणीतून. तोवर घरी पट्टी घ्या, ज्या बाजूची लांबी ठाऊक आहे ती कागदावर मोजा, लांबी-रुंदीचा गुणाकार सातबाऱ्याच्या क्षेत्राशी लावा. जुळला नाही तर शेजाऱ्याकडे जाऊ नका, सेंटरवर परत जा आणि Actual size ठेवून तोच नकाशा पैसे न देता छापून मागा.